धावदोरा आणि पहिला रविवार

«काकू, मी 22 वर्षांची. शाळेचे गणवेश शिवायच्या युनिटात मशीनवर बसते. नगावर पैसे मिळतात, दर शनिवारी संध्याकाळी रोख. हप्ता दोन हजार, बावीसशे असा पडतोय, त्यातले पंधराशे आईकडं देते. आजपर्यंत कधी काही साठवलं नाही. मैत्रिणीनं मोबाईलवर चॅलेंज दाखवलं. पहिल्या दिवशी 1 रुपया, दुसऱ्या दिवशी 2, असं 30 पर्यंत. ॲप रोज रात्री नऊला विचारतंय, 'आज बचत केली का?' आणि एक तारखेला 'पैसे खात्यात भरा' म्हणून वाजतंय. 22 दिवस झाले, 23 व्या दिवशी जमलं नाही. दोन-तीन दिवसांचे एकदम टाकू म्हटलं, ते बी जमलं नाही. ॲपवर 253 दिसालेत, डब्यात 181 निघाले. दादानं पेट्रोलला 50 नेले ते माहीत आहे, बाकीचे कुठं गेले कळंना. एक तारखेचं वाजलं तेव्हा मी मशीनवर होते, बंद केलं. बँकेत खातं आहे, बारावीत स्कॉलरशिपला उघडलेलं, नंतर हात लावला नाही. शनिवारीच शंभर बाजूला काढून बघितले, मंगळवारी परत काढते. माझं काय चुकालंय?»
– गणवेश शिवणारी, सोलापूर

अगं, आधी हरवलेल्या पैशांचा छडा लावू, मग बाकीचं बोलू. 253 मधून 181 गेले, राहिले 72. त्यातले दादाचे 50 काढ. उरले 22. तू ज्या दिवसापर्यंत पोचलीस तो दिवस कितवा होता? बाविसावा. म्हणजे त्या रात्री ॲपनं विचारलं, तू 'हो' दाबलंस, आणि पैसे टाकायचे राहून गेले. कदाचित सुटे नव्हते, कदाचित सकाळी टाकू म्हणालीस. मी काही तिथं बघायला नव्हते. पण तेहतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसले आणि रोज संध्याकाळी कॅश जुळवली. फरक एखाद्या नोंदीएवढाच निघाला तर आधी त्या नोंदीला पकडायचं, हे अंगात मुरलंय. (72 ला नवानं भाग जातो, म्हणून आमच्या हेडकॅशियरनी पहिल्यांदा कुठं आकडे उलटे पडलेत का ते बघायला लावलं असतं. 81 च्या जागी 18 लिहिलं की फरकाला नऊनं भाग जातोच. तुझ्या बाबतीत तसं काही नाही.)

हे एवढं उकरून सांगितलं, कारण तुझ्या सगळ्या घोळाचं मूळ त्या 22 रुपयांत आहे. ॲप विचारतंय 'केली का', आणि तू उत्तर देतेस. डब्यात काय आहे हे त्याला दिसत नाही. रात्री नऊला तू जेवायला बसलेली असशील, नाहीतर ताट वाढत असशील. बोट दाबलं की ते गप्प बसतं. त्या बोटाचा आणि पैशाचा संबंध पहिल्यांदा त्या रात्री तुटला. एकदा तुटला की दुसऱ्या दिवशी तोडायला काहीच वाटत नाही.

आता चॅलेंजकडे बघू. एकपासून तीसपर्यंतच्या आकड्यांची बेरीज 465 होते. तू 22 दिवसांत 253 पर्यंत गेलीस. म्हणजे राहिलेल्या आठ दिवसांत 212 भरायचे होते, जवळजवळ निम्मे. पहिले पंधरा दिवस एकदम सोपे जातात, कारण त्यांत सगळे मिळून 120 रुपयेच लागतात. ज्यानं हे चॅलेंज काढलं त्याला हातात महिन्याचा पगार पडत असेल, नाहीतर घरून पॉकेटमनी येत असेल. तुझा हात शनिवारी भरतो आणि शुक्रवारी रिकामा होतो, दर आठवड्याला. हा आकडा मात्र वार न बघता चढत जातो. तू ज्या दिवशी अडकलीस तो वार आठवून बघ. बुधवार, गुरुवार, शुक्रवार यांतलाच एखादा असणार.

म्हणून आकडे तेच ठेव, त्यांचा क्रम मोड. कॅलेंडरचं जुनं पान घे, मागची कोरी बाजू वर कर आणि त्यावर 1 ते 30 असे तीस चौकोन आख. रोज रात्री त्यातला कुठलाही एक आकडा निवडायचा. तेवढे पैसे टाकायचे, मग तो चौकोन खोडायचा आणि त्यात तारीख लिहायची. शनिवारी हप्ता मिळाला की मोठे आकडे खोड, शुक्रवारी 2 नाहीतर 3 खोड. समज महिना सोमवारी सुरू झाला आणि तीस दिवसांचा आहे. त्यात चार शनिवार आणि चार रविवार येतात. त्या आठ दिवसांवर 23 ते 30 हे आठ आकडे टाकले तर त्यांची बेरीज किती? 212. जे 212 महिन्याच्या शेवटी एकगठ्ठा तुझ्या अंगावर आले होते, तेच इथं हप्त्याच्या दिवसांवर वाटले गेले. मग सोमवार-मंगळवारला मधले आकडे राहतात. बुधवार-गुरुवारला 5 ते 12 मधले पुरतात, आणि शुक्रवारला 1 ते 4. आठवड्याला साधारण 108 रुपये पडतात. घरी पंधराशे दिल्यावर तुझ्याकडे पाचशे ते सातशे उरतात, त्यातून हे निघतं. ओढाताण होत असेल तर चौकोन 1 ते 20 चेच आख आणि उरलेले दहा दिवस सुट्टीचे समज. त्याची बेरीज 210. पहिल्या महिन्याला तेही पुष्कळ.

पण मग शनिवारीच 108 बाजूला का काढू नयेत, असं कोणीही विचारेल. तू ते करून बघितलंस आणि मंगळवारी हात घातलास. रोज थोडे टाकण्यात एक गोष्ट आपोआप होते. रात्री आकडा निवडताना दिवसभरात काय गेलं ते डोळ्यांसमोरून जातं. गुरुवारी 8 टाकायचे होते आणि हातात 5 च निघाले, तर ते तीन कुठं गेले हे तुला माहीत असतं. शेअर रिक्षाला गेले, वडापावला गेले, नाहीतर रीळ संपली म्हणून गेले. हे दोन-तीन महिने झाले की शनिवारी एकदम काढायला हरकत नाही, तेव्हा तुला तुझा मंगळवार कळलेला असेल.

आता रात्रीच्या नोंदीचं. वेळ बदल. नऊ ही ॲपची वेळ आहे, तुझी नाही. झोपायच्या आधी तू मोबाईल चार्जिंगला लावतेस ना? त्या पिनेपाशी पान टांग, पेन दोऱ्यानं बांधून ठेव आणि पैसे तिथंच टाक. मोबाईलचा गजर हवा असेल तर लाव, पण त्याच्या नावात प्रश्न लिहू नकोस. 'पैसे टाक, मग चौकोन खोड' असं लिही. क्रम हाच: आधी पैसे, मग खूण. उलट केलंस की पुन्हा बाविसावा दिवस.

ज्या रात्री काहीच नाही, त्या रात्री पानाच्या कडेला तारीख घालून शून्य लिही. शून्य लिहिणं आणि रिकामं सोडणं यात फार फरक आहे, काउंटरवरच्या कोणालाही विचार. शून्य म्हणजे मी बघितलं आणि पैसे नव्हते. रिकामं म्हणजे मी बघितलंच नाही. महिन्याला चार-पाच शून्यं आली तरी काही बिघडत नाही. चार-पाच दिवस रिकामे गेले तर मात्र वेळ किंवा जागा चुकली आहे, ती बदल. आणि शून्याची भरपाई दुसऱ्या दिवशी करायची नाही, अजिबात नाही. तुझे 23, 24, 25 तसेच तुंबले. तीन दिवसांचे मिळून 72 झाले, ते एका बुधवारी कुठून निघणार? तू हरलीस ती पहिल्या चुकलेल्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुप्पट टाकायचं ठरवलंस तिथं. महिनाअखेर जे चौकोन उरतील ते उरू दे. पान फाड, नवं आख.

मीही यात फसलेली आहे, ते सांगते. पहिली नोकरी लागली तेव्हा आमच्या गल्लीत एका पतसंस्थेचा पिग्मीवाला यायचा. रोज पाच रुपये. संध्याकाळी घाई असली की तो म्हणायचा, 'ताई, उद्या दोन्ही एकदम लिहितो.' मी हो म्हणायची. तीन महिन्यांनी हिशेब मागितला तर अकरा दिवसांच्या नोंदीच नव्हत्या. त्यानं लबाडी केली असेही नाही, तोही विसरायचा आणि मीही. रक्कम पंचावन्न रुपयेच होती, पण मी पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्या दिवसापासून पैसे हातातून सुटताना नोंद डोळ्यांसमोर झालेली असली पाहिजे, असा माझा नेम आहे. तुला कोणी पिग्मी लाव म्हणेल, सोलापुरात म्हणणारे घरोघरी आहेत. लावायची तर रोजच्या रोज नोंद नाहीतर पावती घे. आणि ती बँकेची आहे की पतसंस्थेची ते विचार. बँकेतल्या ठेवींना, मग ती सहकारी बँक असली तरी, 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेला ते नाही. भिशीबद्दल तू विचारलं नाहीस, म्हणून त्यावर एकच वाक्य: पहिला नंबर लागला तर ते कर्ज असतं, बचत शेवटच्या नंबरवाल्याची होते.

डब्याचं काय करायचं? डबा उघडायला सोपा असतो, म्हणून तो डबा. दादाला पेट्रोलची अडचण आली, झाकण काढलं, पन्नास घेतले. तू काही त्याला चोर म्हणणार नाहीस, मीही म्हणत नाही. पण तुझ्या हातात जी कला आहे ती डबेवाल्याकडं नाही. गणवेशाच्या कापडाचा तुकडा घे, पॉलिस्टरचा जाड असला तर बरा, आणि वीतभर लांबीची बंद पिशवी शिव. वर फक्त दुमडलेली नोट आणि दहाचं नाणं जाईल एवढी चीर ठेव. चेन नको, बटण नको. तीन बाजूंना मशीनची पक्की शिलाई मार. खालची बाजू मात्र हातानं धावदोऱ्यानं शिव, मोठे मोठे दहा-बारा टाके, आणि दोरा असा घे की त्या रंगाचं रीळ घरात दुसरं नसेल. रविवारी दुपारी ते टाके उसव, पैसे मोज, पुन्हा घाल. पाच मिनिटांचं काम आहे तुला.

याचे दोन फायदे होतात. मधल्या वारी पैसे काढायचे तर टाके उसवावे लागतात, आणि कात्री हातात घेईपर्यंत बऱ्याचदा मन बदलतं. खरीच नड असेल तर बदलणार नाही, तेव्हा काढ. पानाच्या मागं लाल पेनानं लिही, 'काढले 50, दादा, पेट्रोल'. दुसरा फायदा असा की तुझ्याशिवाय कोणी हात घातला तर टाक्यांवरून कळतं. दुसऱ्याचा धावदोरा तुला ओळखता येत नसेल तर मशीनवर बसायचा उपयोग काय!

रविवारची मोजणी चुकवू नकोस. पानावर खोडलेल्या आकड्यांची बेरीज कर, लाल पेनानं काढलेले वजा कर, आणि पिशवीतले पैसे मोज. तिन्ही जुळलं की पानाच्या कोपऱ्यात रक्कम लिहून सही कर. नाही जुळलं तर फक्त त्या आठवड्यातलेच सात दिवस तपासायचे असतात. तुझ्यासारखं महिन्यानं बघितलं तर बाविसावी रात्र कोणाला आठवणार? आणखी एक. पानावरच्या तारखा सलग चार-पाच दिवस एकाच शाईत, एकाच तिरकस अक्षरात दिसल्या तर त्या रात्रीच्या रात्री लिहिलेल्या नाहीत, एकाच बैठकीत भरल्यात. मला पासबुकं तपासताना हे पहिल्या नजरेत कळायचं, तुलाही तुझं कळेल.

आता महिन्याचं भरणं. त्या आधी एक काम, ते झाल्याशिवाय पुढचं सगळं कागदावरच राहील. तुझं ते बारावीचं खातं बहुतेक झोपलेलं असेल. दोन वर्षांहून जास्त काळ खातेदारानं स्वतः काही व्यवहार केला नाही की बँक ते निष्क्रिय धरते. घाबरू नकोस, पैसे असतील तर ते कुठं जात नाहीत. आधार, पॅन असेल तर पॅन, फोटो आणि चालू मोबाईल नंबर घेऊन शाखेत जायचं, केवायसीचा फॉर्म भरायचा आणि खातं चालू करा म्हणून सांगायचं. चालू करायला पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर रिझर्व्ह बँकेचा नियम आहे म्हणून नम्रपणे सांग. त्याच वेळी दोन गोष्टी मागून घे. खातं 'बेसिक सेव्हिंग्ज' प्रकारात बदलून मिळेल का ते विचार, त्याला किमान शिल्लक ठेवावी लागत नाही आणि रोख भरायला, मशीनमधून भरली तरी, पैसे लागत नाहीत. त्यातून महिन्याला चार वेळा पैसे फुकट काढता येतात, तुला तेवढे पुरे. दुसरं, जुनं एटीएम कार्ड मुदत संपून गेलं असेल, नवं माग. यासाठी अर्धा दिवस सुट्टी काढावी लागेल. शनिवार धरलास तर दुसरा आणि चौथा सोडून धर, त्या दिवशी बँका बंद असतात.

एक तारीख तुझ्या कामाची नाही. ती कुठल्याही वारी येते, आणि तू मशीनवर असतेस. म्हणून गजर तारखेचा न लावता वाराचा लाव. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये 'दर महिन्याच्या पहिल्या रविवारी' असं पुन्हा पुन्हा येणारं काम ठेवता येतं. रविवार का, तर आदल्या संध्याकाळी हप्ता मिळालेला असतो, तुला सुट्टी असते, आणि रोख भरायचं मशीन रविवारीही चालू असतं. तुझ्याच बँकेच्या शाखेबाहेर ते असलं म्हणजे झालं, दुसऱ्या बँकेचं मशीन तुझे पैसे घेईलच असं नाही.

पण मशीन नाणी घेत नाही. दहा-वीसच्या नोटाही बहुतेक मशीन परत फेकतं. तुझ्या पिशवीत तर सगळा खुर्दाच असणार. म्हणून एक गजर पुरत नाही, दोन लागतात. पहिला, शनिवारी संध्याकाळी सातला: 'पिशवी उसव, सुटे किराणावाल्याला दे, शंभरच्या नोटा आण.' किराणावाला तुला चहा पाजेल, सुट्यांसाठी तो रोज गिऱ्हाइकांशी भांडत असतो. दुसरा, रविवारी अकराला: 'कार्ड आणि नोटा घेऊन मशीनवर जा.' गजराच्या नावात काम लिहिलेलं असलं की मशीनवर बसून तो बंद करायची वेळ येत नाही, कारण ते काम तेव्हा करण्यासारखं असतं. 'पैसे भरा' या दोन शब्दांत चार कामं दडलेली होती. मोज, सुटे बदल, कार्ड शोध, चालत जा. त्यातलं एकही एक तारखेच्या सकाळी होणार नव्हतं.

समजा पहिला महिना असा गेला. तीसपैकी पाच रात्री शून्य, आणि 6, 11, 17, 19 आणि 24 हे चौकोन उरले. त्यांची बेरीज 77. म्हणजे 465 मधून 77 गेले, 388 जमले. महिना मंगळवारी संपला, नवं पान बुधवारी सुरू झालं. पहिला रविवार 5 तारखेला येतो. तोपर्यंत बुधवारचे 9, गुरुवारचे 6, शुक्रवारचे 2 आणि शनिवारचे 30, असे 47 आणखी पडले. शनिवारी रात्री पिशवीत 435. (शनिवारी सुटे बदलायला पिशवी उसवलीसच, तर त्या आठवड्याची मोजणीही तिथंच उरक.) रविवारी मशीनमध्ये 400 भर. उरलेले 35 पुन्हा पिशवीत, आणि नव्या पानावर सगळ्यात वर लिही, 'भरले 400, शिल्लक 35'. पैसे सगळेच्या सगळे भरायचा हट्ट धरू नकोस. पूर्ण शंभर भरायचे, बाकी पुढच्या महिन्याला.

मशीनपाशी गेल्यावर घाई करू नकोस. खातेक्रमांक टाकलास तर पडद्यावर नाव येतं, ते वाच. नोटा आत गेल्यावर किती मोजल्या ते दाखवतं, ते तुझ्याशी जुळलं तरच पुढचं बटण दाब. जुनी, चिकटपट्टी लावलेली नोट परत येईल, ती रांगेतल्या दुसऱ्याच्या हाती लागू देऊ नकोस. पावती पिशवीत घाल. आणि कधी नोटा आत राहिल्या, पावती आली नाही, मेसेजही आला नाही, असं झालंच तर मशीनवर लिहिलेला नंबर आणि वेळ यांचा तिथंच फोटो काढ, आणि सोमवारी शाखेत लेखी तक्रार दे. मशीनमधली रोकड मोजली की जास्तीचे निघतात. तुझ्या तक्रारीत वेळ असली की जुळवायला सोपं जातं.

घरी येऊन पानावर भरल्याची रक्कम लिहिलीस की मगच गजर बंद करायचा. तोपर्यंत तो वाजू दे. घरचे वैतागतील, वैतागू दे.

यापुढं तुला आवर्ती ठेव सुचवणारे भेटतील, म्हणजे आरडी. तीन महिने तरी थांब. आणि हे तीन महिने कुठले, तेही बघ. गणवेशाचं काम शाळा उघडायच्या आधी जोरात असतं, जूननंतर हात रिकामे होतात, हे मी तुला सांगायला नको. हंगामात महिन्याला पाचशे भरलेस आणि त्यावर पाचशेची आरडी उघडलीस, तर ऑगस्टमध्ये हप्ते थकायला लागतील. मंदीच्या तीन महिन्यांचं पान समोर ठेव. समजा भरणं 400, 300 आणि 200 झालं. आरडी 200 ची काढ. सरासरी काढू नकोस, सगळ्यात कमी भरणं तोच हप्ता. जास्तीचे बचत खात्यात राहतील आणि अडीअडचणीला तेच उपयोगी पडतील.

पोस्टाची आरडी चांगली आहे. महिन्याला 100 पासून, पुढं दहाच्या पटीत, ऑक्टोबर 2023 मध्ये तिचा व्याजदर 6.7 टक्के झाला. उघडायच्या दिवशी चालू दर विचारून घे, सरकार तो दर तीन महिन्यांनी बघतं. पण ती पाच वर्षांची असते. हप्ता चुकला की दर शंभराला महिन्याला एक रुपया दंड, आणि चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं. दोन महिन्यांत थकलेलं भरून ते पुन्हा चालू करता येतं. पहिल्यांदाच साठवणाऱ्या मुलीनं पाच वर्षांची शपथ घेऊ नये असं माझं मत. तुझ्या बँकेतच बारा महिन्यांची आरडी काढ, आणि हप्ता खात्यातून आपोआप कापून घ्यायची सूचना लिहून दे. तारीख 10 सांग. पहिला रविवार 7 तारखेच्या पुढं कधीच जात नाही, म्हणजे कापायच्या दिवशी पैसे खात्यात असतीलच. त्या दिवसापासून रात्रीचं पान आणि पहिला रविवार एवढंच तुझ्याकडं राहील, हप्त्याचं बँक बघेल.

जानेवारीत एक सूट घे. सिद्धेश्वरांच्या यात्रेला, गड्ड्यावर, कोणी हिशेब करत फिरत नाही. संक्रांतीच्या आसपासचे चार-पाच दिवस पानावर आधीच आडवी रेघ मार आणि त्यावर 'गड्डा' लिही. ते दिवस मोजायचेच नाहीत, शून्यही लिहायचं नाही. आधी रेघ मारलेली असली म्हणजे होम मैदानावरून परत आल्यावर 'आता काय, मोडलंच' असं वाटत नाही.

आणि दादाचे 50. ते लाल पेनानं पहिल्याच पानावर लिही आणि पान त्याला दिसेल असं टांग. त्यालाही शनिवारीच पैसे मिळत असतील तर सातच्या गजराला त्यालाही हाक मार.